ग्लासाला घाम कुठून येतो?

जूनचा दुसरा आठवडा. काचेच्या ग्लासात कोकम सरबत आहे आणि त्यात बर्फाचे चार-पाच खडे. पाचेक मिनिटांत ग्लासाच्या बाहेरच्या अंगाला बारीक थेंब जमतात, एकमेकांत मिसळून खाली ओघळतात आणि टेबलावर ओलं वर्तुळ उमटतं. हे पाणी आलं कुठून, असं तिसरीतल्या मुलांना विचारा. ग्लास गळतोय, असं एक जण म्हणेल. बर्फ काचेतून बाहेर आला, असं दुसरा म्हणेल. आणि कुणीतरी नक्की म्हणेल, ‘बाई, ग्लासाला घाम आलाय.’ हे उत्तर तर आपण मोठ्यांनीच त्यांच्या तोंडी घातलेलं आहे. घाम आतून बाहेर येतो, त्यामुळे आपला रोजचा वाक्प्रचारच मुलाला उलट्या दिशेला नेतो.

अशी उत्तरं केवळ आपल्याच वर्गात येतात असं नाही. रॉजर ऑसबोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह या संशोधकांनी न्यूझीलंडमधल्या शाळकरी मुलांना समोर बसवून हेच प्रश्न विचारले होते. त्यांचा अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला. बशीतलं पाणी वाळलं तर गेलं कुठे, बर्फाच्या बरणीबाहेर ओल कशाची, उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे, असे ते प्रश्न होते. पाणी काचेतून आलं असं सांगणारी मुलं त्यांनाही भेटली, आणि काचेतून गारवा बाहेर आला आणि त्याचं पाणी झालं असं सांगणारीही.

जलचक्राचा व्हिडिओ करायला बसलेल्या शिक्षकाने ही उत्तरं आधी ऐकायला हवीत, कारण स्क्रिप्ट त्यांनाच धरून लिहायची असते. बहुतेक व्हिडिओ मात्र समुद्रापासून सुरू होतात. निळा समुद्र, हसरा सूर्य, वर जाणारे तीन बाण, कापसासारखा ढग, खाली येणारे बाण, नदी आणि पुन्हा समुद्र. दोन मिनिटांत चक्र पूर्ण होतं आणि मुलाला क्रम पाठही होतो. मग त्याला त्या वर जाणाऱ्या बाणात काय आहे ते काढायला सांगावं. वही उघडली की निळे थेंब आकाशाकडे उडताना दिसतात. जलचक्रातला सगळ्यात अवघड टप्पा तोच आहे. पाणी वर जातं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात, आणि चित्रात नेमकं तेच दाखवता येत नाही.

वाई तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाई हा व्हिडिओ करत आहेत असं धरून चालू. हाताशी एक मोबाइल, तो उभा करायला पुस्तकांची चळत, खिडकीतून येणारा उजेड आणि स्वयंपाकघरातली भांडी. एवढ्यात सहा मिनिटांचा चांगला व्हिडिओ होतो. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे पटेल. त्यांत नजर धरून ठेवतात ते काम करणारे हात.

स्क्रिप्टसाठी पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. बाईंचा पहिला तुकडा असा होईल. डावीकडे: ‘सरबताचा ग्लास जवळून. बाहेरचे थेंब दिसतात. हात येतो, पांढऱ्या रुमालाने ग्लास बाहेरून पुसतो, रुमाल कॅमेऱ्यासमोर धरतो. रुमाल ओला, पण पांढराच.’ उजवीकडे: ‘सरबत कोणत्या रंगाचं आहे? आणि रुमालावर कोणता रंग आला?’ त्याखाली कंसात ‘पाच सेकंद गप्प’. ही पाच सेकंदं लिहून ठेवावी लागतात, नाहीतर रेकॉर्डिंगच्या वेळी शांतता सहन होत नाही आणि बाई स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात.

सरबत गळलं असतं तर रुमालाला लाल डाग पडला असता. तरी एखादा हुशार मुलगा म्हणेल की रंग आत राहिला आणि नुसतं पाणी झिरपलं. त्याच्यासाठी पुढचं दृश्य आहे. ग्लासावर झाकण ठेवून तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा. आकडा वाचायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा वाचायचा. पाणी आतूनच बाहेर येत असेल तर वजन तेवढंच राहायला हवं. दमट हवेत ते एक-दोन ग्रॅमने वाढलेलं दिसतं. म्हणजे पाणी ग्लासाच्या आतून आलेलं नाही, बाहेरून येऊन ग्लासावर बसलं आहे. आणि बाहेर तर हवेशिवाय दुसरं काहीच नाही. बाईंनी वाक्य एवढंच म्हणायचं: ‘पाणी हवेत होतं.’ ‘सांद्रीभवन’ हा शब्द इथे उच्चारायचा नाही. ज्याला नाव द्यायचं ते आधी मुलाला दिसायला हवं.

हा प्रयोग फसतोही, आणि कधी फसतो ते माहीत असलेलं बरं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी माठातल्या गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवला तर तो बाहेरून कोरडाच राहतो. हवेत वाफ कमी असल्याने तिचे थेंब होण्याइतका तो पेला गार नसतो. बर्फ घातला तरी थेंब उशिरा आणि विरळ येतात. शूटिंग जून-जुलैत केलं तर हीच गोष्ट काही मिनिटांत होते. एप्रिलमधला कोरडा पेलाही बाईंनी चित्रित करून ठेवावा. दोन्ही पेले शेजारी शेजारी दाखवले की हवेत कधी पाणी जास्त असतं आणि कधी कमी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी हवेत होतं हे कळलं, तरी ते तिथे गेलं कसं हा प्रश्न उरतोच. मुलांच्या मते फरशीवरचं पाणी फरशी पिते. मातीच्या अंगणात ते खरंही आहे, म्हणून अंगणातलं डबकं आटताना दाखवून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा स्टीलची ताटली घ्यावी, कारण स्टील पाणी पीत नाही हे मुलांना ठाऊक असतं. दोन सारख्या ताटल्यांत दोन-दोन चमचे पाणी घालायचं. एकीवर घट्ट बसणारं झाकण ठेवायचं, दुसरी उघडी, आणि दोन्ही उन्हात. तासाभरात उघडी ताटली कोरडी होते. झाकलेल्या ताटलीत पाणी असतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही थेंब असतात.

तासाभराचं हे दृश्य मोबाइलच्या टाइमलॅप्सने वीस सेकंदांत बसतं. त्यात एक धोका आहे. पाणी आक्रसत नाहीसं होताना पाहून मुलांना वाटतं की हे असंच झर्रकन होतं. म्हणून ताटलीशेजारी भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवायचं. काटे पळताना दिसले की खरा वेळ लक्षात येतो. पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून हाच प्रयोग पुन्हा केला तर कोरड्या ताटलीत पांढरा थर उरतो. रायगड-पालघरच्या मिठागरांत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. उथळ वाफ्यांत समुद्राचं पाणी घेतात, ते उन्हाने आटतं आणि मीठ मागे राहतं. ‘समुद्र खारट, मग पाऊस गोडा कसा?’ हा प्रश्न कुठल्याही वर्गात येतोच. त्याचं उत्तर त्या पांढऱ्या थरात आहे.

अनेक स्क्रिप्ट याच जागी घसरतात. बाष्पीभवन दाखवायचं म्हणून गॅसवर पातेलं चढवलं जातं आणि उकळत्या पाण्यावरच्या पांढऱ्या लोटाकडे बोट दाखवून सांगितलं जातं, ‘ही बघा वाफ.’ यात दोन चुका एकदम होतात. पहिली म्हणजे पाण्याची वाफ व्हायला ते उकळावं लागतं असं मुलाच्या मनात बसतं. मग दोरीवरचे कपडे कसे वाळतात, ते त्याला सांगता येत नाही. दुसरी चूक जास्त खोल आहे. तो पांढरा लोट म्हणजे वाफ नाहीच. वाफ पुन्हा गार होऊन तयार झालेले ते अतिशय बारीक थेंब आहेत. चहाच्या किटलीच्या चोचीकडे नीट पाहिलं तर चोच आणि पांढरा लोट यांच्यामध्ये बोटभर जागा रिकामी दिसते. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. मराठीत आपण दोन्हींना वाफच म्हणतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. पाठ्यपुस्तकातला ‘बाष्प’ हा शब्द इथे उपयोगी पडतो: न दिसणारं ते बाष्प. किटलीचं दृश्य घ्यायचं तर बाईंनी स्वतः घ्यावं, लांबून घ्यावं, आणि त्या रिकाम्या जागेकडे पेन्सिलीने खूण करावी. तिथे बोट नेलं तर ते भाजतं, हे व्हिडिओतच बजावून सांगायला हवं.

आता ढग. वाईच्या मुलांना यात एक मोठी सोय आहे. पावसाळ्यात पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलेलं मूल ढगाच्या आत जाऊन आलेलं असतं. आपण त्याला धुकं म्हणतो, पण खालून वाईतून पाहणाऱ्याला तोच डोंगरावर टेकलेला ढग दिसतो. घाटात केसांवर आणि स्वेटरच्या लोकरीवर जे पांढरे मणी जमतात, ते ढगातले थेंब. कापूस नाही, धूर नाही, आणि न दिसणारं बाष्पही नाही.

बरणीतला ढग दाखवायचा तर काचेच्या बरणीत तळाशी दोन बोटं कढत पाणी घालायचं, वर स्टीलची ताटली आणि ताटलीत बर्फ. बरणी आधी कोमट पाण्याने विसळून घ्यायची, नाहीतर तडकते. मागे काळा कागद लावायचा आणि उजेड बाजूने येऊ द्यायचा. समोरून उजेड टाकला तर काच नुसती चमकते. एवढं करूनही बरणीत फारसं काही दिसत नाही, आणि प्रयोग बिघडला असं वाटून बाई हिरमुसतात. ताटली क्षणभर उचलून विझलेल्या उदबत्तीचा थोडा धूर आत सोडला की पांढरे भोवरे फिरू लागतात. बाष्पाला थेंब होताना बसायला काहीतरी लागतं. आकाशात ते काम धुळीचे, धुराचे आणि समुद्राच्या मिठाचे कण करतात.

पण मूल काय पाहतं? धूर सोडला आणि ढग झाला. म्हणजे ढग धुराचा. नको असलेला समज बाईंनीच पक्का केला. त्यावर उपाय दुसऱ्या बरणीचा. तीत थंड पाणी, ताटलीत बर्फ नाही, आणि धूर तेवढाच. तिथे धुराची एक फिकट रेघ फिरते आणि विरते, दाट पांढरं काही होत नाही. दोन्ही बरण्या एका चौकटीत शेजारी ठेवून दाखवायच्या आणि आवाजात एकच प्रश्न: ‘धूर दोन्हीकडे आहे. मग इकडे जास्त काय आहे?’

ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. पावसाचा एक थेंब व्हायला असे लाखो थेंब एकत्र यावे लागतात. तोवर ते इतके हलके असतात की वर चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. तिसरीला एवढं पुरे. ढग एकमेकांवर आपटले की पाऊस पडतो, हा समज मात्र इथेच नाव घेऊन खोडावा, कारण घरी आजी-आजोबांकडून तो ऐकलेला असतो.

यानंतर चक्राचं चित्र यावं, आधी नव्हे. आणि ते आपल्या डोंगराचं असावं. पुस्तकांतल्या जलचक्राच्या आकृत्यांत बहुधा बर्फाची शिखरं आणि सूचिपर्णी झाडं दिसतात. बाईंनी फळ्यावर डावीकडे अरबी समुद्र काढावा, मग कोकणाची पट्टी, मग सह्याद्रीची भिंत, त्यापलीकडे वाई आणि पुढे पठार. समुद्रावरून आलेली दमट हवा भिंतीला अडून वर चढते, वर गेली की गार होते, आणि सरबताच्या ग्लासावर जे झालं तेच आकाशात होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. डोंगर उतरून आलेल्या हवेतलं बरंचसं पाणी वरच सांडून गेलेलं असतं.

महाबळेश्वरावर पडलेल्या दोन थेंबांची गोष्ट सांगितली की चक्र हे गोल रिंगण नाही, हेही कळतं. एक थेंब पश्चिमेच्या कड्यावरून सावित्रीत गेला. पोलादपूर, महाड करत शंभरेक किलोमीटरवर बाणकोटच्या खाडीतून तो अरबी समुद्राला मिळाला. दुसरा काही पावलं अलीकडे पडला आणि कृष्णेत गेला. त्याला समुद्र गाठायला सुमारे चौदाशे किलोमीटर जायचं आहे, तेही आंध्र प्रदेशात, बंगालच्या उपसागराला. वाटेत वाईजवळ धोमच्या धरणात तो अडेल, कालव्यातून उसाच्या फडात जाईल, मुळांतून पानात चढेल आणि समुद्र न पाहताच पुन्हा हवेत जाईल. पानांतून पाणी खरंच जातं का? झाडाच्या पानांनी भरलेल्या फांदीला सकाळी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधायची आणि दुपारी पिशवीच्या कोपऱ्यात साठलेलं पाणी दाखवायचं. सबंध व्हिडिओत मुलं सगळ्यात जास्त आनंदाने ओरडतात ती बहुधा या दृश्याला.

धरण, कालवा आणि ऊस चित्रात असायलाच हवेत. 2019 साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. संशोधकांनी बारा देशांतल्या पाठ्यपुस्तकांतून आणि इतर ठिकाणांहून जलचक्राच्या 464 आकृत्या गोळा केल्या. त्यांपैकी साधारण 15 टक्के आकृत्यांतच माणसाचा पाण्याशी संबंध दाखवलेला होता. बाकीच्यांत पाणी जणू निर्मनुष्य पृथ्वीवर फिरत होतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 2022 मध्ये आपली जुनी, जगभर वापरली जाणारी आकृती बदलली आणि शेती, धरणं, शहरं तीत आणली. वाईच्या मुलाला तर धोमचं धरण रोज दिसतं. जलचक्राच्या चित्रात ते नसेल तर चित्र त्याच्या गावाचं राहत नाही.

तयार व्हिडिओ पुन्हा पाहताना कात्री लावायचा मोह कमी आणि काहीतरी भरायचा मोह जास्त होतो. मागे पावसाचं गाणं, कोपऱ्यात नाचणारा बेडूक, आणि बोललेलं प्रत्येक वाक्य खाली अक्षरांत. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वीज कशी चमकते हे समजावणाऱ्या छोट्या चलचित्रांवर बरेच प्रयोग केले. त्यात गमतीचे पण विषयाशी संबंध नसलेले तुकडे घातले, किंवा आवाजातलं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर लिहिलं, की पाहणाऱ्यांना विषय कमी समजत होता. ते प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाले होते, पण नुकतं जोडाक्षर वाचायला शिकलेल्या मुलाचे डोळे अक्षरांत किती अडकत असतील याची कल्पना करता येते. पडद्यावर शब्द यावेत ते तीनच, बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि पाऊस, आणि तेही ती गोष्ट दिसून गेल्यानंतर. आवाजाचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आत ठेवला, मधल्या शांतता धरल्या, तर सहा मिनिटांची स्क्रिप्ट साडेचारशे शब्दांत संपते. पहिल्या खर्ड्यात ती हमखास आठशेची होते. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवायचा. पंख्याची घरघर कानांना सवयीची झालेली असते, मोबाइलच्या माइकला नसते.

मुलांना व्हिडिओ कळला का, हे ‘कळलं का?’ विचारून समजत नाही. सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ विचारलं तर पाठ केलेली व्याख्या येते. व्हिडिओत नसलेलं काहीतरी विचारावं लागतं, आणि तेही आठवड्याने. भर पावसात खच्चून भरलेल्या एसटीत खिडक्या बंद असतात आणि काचा आतून पांढऱ्या होतात. ते पाणी कुठलं? ‘बाहेरचा पाऊस काचेतून आत आला,’ असं उत्तर आलं तर सरबताचा ग्लास आणि डिजिटल काटा पुन्हा दाखवावा लागेल. काही मुलं ‘हवेतून’ एवढंच म्हणतील. त्यांना पुढे विचारायचं, ‘एसटीतल्या हवेत एवढं पाणी कुणी आणलं?’ मग वर्गात जरा चुळबुळ होते. कुणी ओल्या छत्र्यांचं नाव घेतं, कुणी भिजलेल्या दप्तरांचं. आणि एखादी मुलगी तोंडासमोर हात धरते, तळव्यावर हळूच श्वास सोडून बघते आणि म्हणते, ‘बाई, आम्हीच.’